हस्तिदंताची मूर्ती आणि मिशनमधला चहा

सतराव्या शतकातलं, पोर्तुगिजांच्या ताब्यातलं दमण. शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच डॉक्टर तिथे राहत होता. वय चोविशीच्या आसपास, जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक. एका पोर्तुगीज गृहस्थाचा मुलगा आजारी होता आणि त्या काळच्या उपचाराप्रमाणे शीर कापून त्याचं रक्त काढायचं होतं. मुलाने अंथरुणात हस्तिदंताची मेरीमातेची मूर्ती जवळ धरली होती आणि तो वारंवार तिचं चुंबन घेत होता. देलाँ म्हणाला, मूर्ती जरा बाजूला ठेव, नाहीतर रक्ताचे थेंब तिच्यावर उडतील. मुलगा ऐकेना. शीर कापताना हात मोकळा हवा, असं डॉक्टरने पुन्हा सांगितलं. तेव्हा मुलगा उसळून म्हणाला की तुम्ही फ्रेंच लोक पाखंडी, तुम्ही मूर्ती मानत नाही. देलाँने त्याला समजावलं की मूर्तीचा मान ठेवावा, पण पूजा मूर्तीमागच्या देवाची असते, हस्तिदंताची नव्हे. हे आपल्याच चर्चच्या धर्मसभेने ठरवलेलं आहे, असंही त्याने सांगितलं.

देलाँची अशी आणखी दोन-चार संभाषणं लोकांच्या लक्षात राहिली होती. बाप्तिस्म्याबद्दलचा एक वाद होता, पलंगाजवळच्या एका क्रुसाबद्दलचं बोलणं होतं, आणि इन्क्विझिशनचे न्यायाधीशही माणसंच, तेही चुकू शकतात, असा एक शेरा होता. २४ ऑगस्ट १६७३ रोजी त्याला अटक झाली. अडीच वर्षांनी गोव्यात भरगर्दीपुढे त्याच्यावरचे आरोप वाचून दाखवले गेले. त्यात हस्तिदंताच्या क्रुसाला त्याने हस्तिदंताचा नुसता तुकडा म्हटलं आणि तशी निंदा केली, असं एक कलम होतं. ही हकीकत आपल्याला देलाँच्याच पुस्तकातून कळते, म्हणजे ती एका बाजूची आहे. पण देलाँ स्वतः काय बोललो म्हणतो आणि आरोपपत्रात काय आलं, यांतलं अंतर पाहिलं की या विषयाच्या गाभ्यालाच हात लागतो.

पाखंड, धर्मत्याग आणि धर्मनिंदा हे तीन शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो. त्यांच्यातला फरक मात्र नेमका आहे. पाखंडी हा आतला माणूस असतो. तो स्वतःला त्याच धर्माचा म्हणवतो, पण त्याची मतं अधिकृत मतांशी जुळत नाहीत. धर्मत्यागी आतून बाहेर गेलेला असतो, किंवा गेला असं इतरांचं म्हणणं असतं. धर्मनिंदेला आत-बाहेर लागत नाही, पवित्र मानलेल्या गोष्टीचा अवमान कुणीही करू शकतो. म्हणून पहिल्या दोन आरोपांत आरोपीचं सदस्यत्व आधी सिद्ध करावं लागतं आणि तिसऱ्यात दुखावलं कोण हे ठरवावं लागतं. देव दुखावला, समाज दुखावला की राज्याची शांतता भंगली? या प्रश्नाला जे उत्तर दिलं जातं त्यावर शिक्षा ठरते.

शब्दांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. युरोपीय भाषांत पाखंडाला जो शब्द आहे त्याचं मूळ ग्रीक ‘हायरेसिस’. त्याचा अर्थ होता निवड, आणि त्यावरून पंथ. आपल्याकडचा ‘पाषंड’ हाही सुरुवातीला असाच साधा शब्द होता. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात सगळ्या पाषंडांचा, म्हणजे सगळ्या पंथांचा आदर राखावा असं सांगितलं आहे. तिथे त्यात निंदेचा वासही नाही. नंतरच्या शतकांत एका पंथाने दुसऱ्याला पाषंड म्हणायला सुरुवात केली आणि शब्द शिवीसारखा झाला. दोन परस्परांपासून दूरच्या संस्कृतींत ‘वेगळा पंथ’ याचा अर्थ सरकत सरकत ‘चुकलेला पंथ’ असा झाला. वेगळेपण कुठपर्यंत वेगळेपण आणि कुठून चूक, हे सांगणारी कुणीतरी संस्था त्याआधी उभी राहावी लागते.

गोव्यात ती संस्था १५६० मध्ये आली. अलेश दियश फाल्काँव आणि फ्रान्सिश्कु मार्किश हे पहिले दोन इन्क्विझिटर लिस्बनहून आले आणि आदिलशाहीच्या जुन्या वाड्यात त्यांनी ठाण मांडलं. लोक त्या वाड्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. १७७४ मध्ये पोर्तुगालच्या पोंबाल या मंत्र्याने हे न्यायालय बंद केलं, १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. मधल्या काळात सोळा हजारांहून अधिक खटले चालले. बहुतेकांचा शेवट मृत्युदंडात झाला नाही. प्रायश्चित्त, मालमत्ता जप्ती, हद्दपारी, गलबतावरची सक्तमजुरी अशा शिक्षा होत. या प्रकरणाचा अभ्यास अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला आणि देलाँची हकीकतही त्यात दिली, म्हणून ती आपल्याकडच्या वाचकांपर्यंत पोचली.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. या न्यायालयाचा अधिकार मुळात बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. पाखंड आणि धर्मत्याग आतल्या माणसाकडूनच घडतो, या व्याख्येचा तो थेट परिणाम. बाप्तिस्मा न घेतलेल्या हिंदूवर पाखंडाचा आरोप ठेवता येत नसे. त्याला पकडायचं तर वेगळं कारण लागे, म्हणजे कुणाला ख्रिस्ती होण्यापासून रोखणं किंवा ख्रिस्ती झालेल्याला पूर्वीच्या धर्माकडे वळायला मदत करणं. हिंदूंच्या देवळांवर आणि सार्वजनिक विधींवर बंदी घालणारे हुकूम राज्यसत्ता आणि धर्मपरिषदा काढत असत, ती यंत्रणा निराळी होती. ज्या घरावर हे दोन्ही दाब पडले त्याला हा फरक फारसा जाणवला नसेल, हेही खरं. पण त्या काळचे कायदे समजून घ्यायचे तर तो ठेवावाच लागतो.

देलाँवर यातला कुठला गुन्हा? तो तर कॅथलिकच होता. अटक होण्याआधी तो स्वतःच दमणमधल्या इन्क्विझिशनच्या प्रतिनिधीकडे गेला होता आणि आपण काय काय बोललो ते सांगून मोकळा झाला होता. नियम असा होता की तक्रार येण्याआधी आपणहून कबुली दिली तर शिक्षा नाही. प्रतिनिधीने धीर दिला आणि काही दिवसांनी तो पकडला गेला. देलाँचा संशय दमणच्या गव्हर्नरवर होता. एका स्त्रीच्या ओळखीवरून गव्हर्नरच्या मनात त्याच्याबद्दल असूया होती, असं तो लिहितो. दमणच्या आणि वसईच्या तुरुंगांतून जात जानेवारी १६७४ मध्ये तो गोव्याला पोचला.

इथून पुढची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. आरोपीला त्याच्यावरचा आरोप सांगितला जात नसे. साक्षीदारांची नावंही नाहीत. टेबलाच्या पलीकडे न्यायाधीश, बाजूला लिहून घेणारा कारकून, समोर मोठा क्रूस. आरोपीला विचारलं जाई, तुला का पकडलंय हे तुला माहीत आहे का? मग स्वतःची सगळी पापं आठवून सांग. म्हणजे खटल्याचं ओझं आठवणीवर. देलाँने जे आठवलं ते सांगितलं, पण इन्क्विझिशनबद्दलचा आपला शेरा त्याला पहिल्यांदा आठवला नाही. कबुली अपुरी राहिली की ती खोटी धरली जाई आणि खोटी कबुली म्हणजे पश्चात्ताप नाही. आरोपीने अंदाजाने नावं घ्यायची, आपल्याबद्दल कोण काय म्हणालं असेल ते ताडायचं, आणि ज्यांची नावं घेतली तेही पुढे त्याच जाळ्यात यायचे. देलाँने दमणच्या कबुलीचा दाखला दिला, तो मानला गेला नाही. एकट्या कोठडीतल्या त्या दिवसांत तो इतका खचला की त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला.

एवढी गुप्तता का, याला न्यायालयाकडे स्वतःचं उत्तर होतं. त्यांच्या दृष्टीने पाखंड हा आत्म्याचा रोग होता आणि खटला म्हणजे उपचार. आरोपीला आधीच प्रश्नपत्रिका दिली तर तो तेवढंच उत्तर लिहील, त्याचं मन उघडणार नाही. श्रीमंत आणि वजनदार माणसं साक्षीदारांना त्रास देतील, हेही कारण पुढे केलं जाई. ही भूमिका प्रामाणिक असू शकते हे मान्य करूनही तिचा परिणाम लपत नाही. ज्या गुन्ह्याचा पुरावा माणसाच्या मनात असतो, तो शोधायला निघालेलं न्यायालय शेवटी कबुलीवर येऊन थांबतं आणि कबुलीसाठी भीतीवर.

१२ जानेवारी १६७६ ची पहाट. कोठडीत दिवा घेऊन पहारेकरी आले आणि त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे दिले. बाहेर लांब सज्जात दोनशेच्या आसपास माणसं भिंतीला टेकून गप्प उभी होती. मग प्रत्येकाला अंगावर घालायचा झगा मिळू लागला. देलाँला पिवळा ‘सांबेनितो’ मिळाला, पुढेमागे तिरका लाल क्रूस असलेला. काहींच्या झग्यावर ज्वाळा आणि त्यांचीच चित्रं रंगवली होती. ज्वाळा उलट्या असल्या तर शेवटच्या घटकेला कबुली देऊन वाचलेला, सुलट असल्या तर जाळायचा. हा अर्थ देलाँला तेव्हा ठाऊक नव्हता आणि भीतीने त्याला काही सुचत नव्हतं. खायला पाव वाटले तेव्हा त्याने नको म्हटलं. एका पहारेकऱ्याने हळूच सांगितलं की खिशात तरी ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. परत येईपर्यंत. त्या एका शब्दावरून त्याला कळलं की आपण जगणार आहोत.

मोठ्या चर्चची घंटा वाजू लागली आणि अनवाणी मिरवणूक निघाली. खड्यांवरून चालून देलाँचे पाय रक्ताळले. सोहळा सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये झाला आणि तिथे एकेकाचा निकाल वाचला गेला. देलाँला मालमत्ता जप्ती, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालच्या गलबतांवर पाच वर्षांची मजुरी. त्या दिवशी एक पुरुष आणि एक स्त्री, दोघं जाळले जायचे होते. खटला चालू असताना मेलेल्या काही जणांची हाडंही पेट्यांतून आणली होती. पण चर्चने कुणालाही जाळण्याची शिक्षा स्वतः दिली नाही. दोषींना ‘सोडून’ दिलं, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केलं आणि दया दाखवण्याची विनंतीही सोबत केली. मंडोवीच्या काठावर आग लावली ती राज्याने. दोषी कोण ते धर्मसंस्थेने ठरवायचं आणि शिक्षा राज्याने अमलात आणायची, अशी ही वाटणी. तिच्यात दोघांचेही हात आपापल्या मते स्वच्छ राहत होते.

सुटताना देलाँकडून गुप्ततेची शपथ घेतली गेली. लिस्बनमध्ये काही महिने काढल्यावर १६७७ मध्ये त्याची सुटका झाली आणि १६८७ मध्ये शपथ मोडून त्याने पुस्तक छापलं.

देलाँ युरोपीय होता, लिहू शकत होता. त्या रांगेतले बहुसंख्य इथलेच होते. सुरुवातीच्या काळात गुपचूप ज्यू धर्म पाळणाऱ्या नवख्रिस्त्यांवर रोख होता. औषधी वनस्पतींवर लिहिणारा विख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता याची हाडं मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये उकरून जाळली गेली. पुढे सर्वांत मोठा आरोप ‘जेंतिलिदाद’ हा झाला, म्हणजे ख्रिस्ती होऊनही हिंदू रीती पाळणं. धर्मत्यागाचा हा प्रकार मनातल्या मतावरून नव्हे, स्वयंपाकघरावरून ओळखला जाई. १७३६ च्या आदेशात मनाई केलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. मीठ न घालता भात शिजवणं, अंगणात तुळस लावणं, पुरुषांनी धोतर नेसणं, लग्नात ओव्या म्हणणं, अशा गोष्टी त्यात येतात.

अळणी भात कुणी श्रद्धेने शिजवत असेल, कुणी आजीने शिकवलं म्हणून. धर्मांतरित घरातल्या बाईला आपण काही मत मांडतो आहोत असं वाटलंही नसेल. पण सवय आणि श्रद्धा यांची सीमा कुठे, हे ठरवायचा अधिकार तिच्याकडे राहिला नाही. शेजाऱ्याला मात्र आता ठाऊक झालं की तुळशीवरून तक्रार करता येते. अशा यादीचा हाच मोठा परिणाम असतो. जुने भांडण, जमिनीचा वाद, सोयरिकीतला राग यांना एक नवं, भारदस्त नाव मिळतं.

आता गोव्यातून पुण्यात येऊ. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी पंचहौद मिशनमधल्या एका व्याख्यानाला पुण्यातल्या प्रतिष्ठितांना जमवलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला नुसता पेला हातात धरला. काही दिवसांनी ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावं झळकली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्याची फिर्याद शंकराचार्यांकडे गेली आणि चौकशीसाठी शास्त्री पुण्यात आले.

हा खटला देलाँच्या खटल्याशेजारी ठेवला की एक गोष्ट लख्ख दिसते. रानडे प्रार्थना समाजाचे होते, मूर्तिपूजा मानत नव्हते, आणि हे ते वर्षानुवर्षं उघड बोलत होते. त्याबद्दल त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही. चहाने ते घडलं. तू देवाबद्दल काय मानतोस हा प्रश्न गोव्यात प्राणघातक होता, पुण्यात तो जवळपास कुणी विचारलाच नाही. पुण्यातला प्रश्न होता, तू कुणाच्या पंक्तीला बसलास? एका परंपरेत सीमा विचारावरून आखलेली, दुसरीत आचारावरून. त्यामुळे ‘आमच्यात पाखंडाला शिक्षा नव्हती’ असं कुणी म्हणालं तर ते अर्धं बरोबर आहे. मतावर शिक्षा क्वचित, पण आचारावरची शिक्षा घरात शिरणारी होती.

त्यासाठी तुरुंग लागत नव्हता. भटजी येत नाहीत, म्हणून मुंज-लग्न अडतं. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाहीत. लेकी-सुनांचं माहेर तुटतं, कारण त्यांच्याशी व्यवहार ठेवणाराही दोषी. शिक्षा एकाला सुनावली जाते आणि भोगावी लागते सगळ्या घराला. म्हणून माणसं मोडतात तीही घरासाठीच. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवून बाजू शास्त्राधाराने लढवली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, स्वतःच्या मतासाठी नव्हे, ज्यांची घरं यात अडकली होती त्या मित्रांसाठी. रमाबाईंना ते किती लागलं ते त्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं.

या शिक्षेचं एक जुनं रूप आपल्या रोजच्या भाषेत आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. ‘घटस्फोट’ हा शब्द आज नवरा-बायकोच्या काडीमोडीला वापरतात. धर्मशास्त्रात तो पतित झालेल्याला कुटुंबाने तोडण्याचा विधी होता. नातेवाईक जमत, पाण्याने भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा, जणू मेलेल्याला पाणी दिलं, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणं, बसणं, वारसा सगळं बंद. जिवंत माणसाचा मृत्युविधी. पण शास्त्राने परतीची वाटही ठेवली होती. प्रायश्चित्त झाल्यावर त्याच्यासह स्नान करायचं आणि नवा घडा पाण्यात सोडायचा. माणूस पुन्हा घरचा. गोव्यातही पश्चात्ताप करणाऱ्याला परत घेत, पण एकदाच. दुसऱ्यांदा घसरलेल्याला मृत्यू होता. परतीचं दार किती वेळा उघडतं, यावरून एखाद्या समाजाला माणूस परत हवा आहे की दाखला हवा आहे, हे बऱ्याचदा ओळखता येतं.

राज्याने यात हात घातला तो आधी वारशाच्या बाजूने. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीबाहेर काढलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही असं ठरवलं. धर्मत्यागाची सर्वांत जड दिवाणी शिक्षा अशी गेली. समाज नातं तोडू शकत होता, शेत काढून घेऊ शकत नव्हता. पुढे धर्मनिंदेच्या बाबतीत वेगळीच वाट निघाली. इंग्लंडातल्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती धर्माला संरक्षण होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कुठल्याच धर्माचं मत खरं-खोटं धरलं नाही. प्रार्थनास्थळं, जमाव, विधी यांना इजा झाली तर गुन्हा. देव न्यायालयात फिर्यादी उरला नाही.

१९२० च्या दशकात लाहोरला ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावरचा खटला १९२७ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही, कारण त्या कलमात जमातींतलं वैर वाढवणं हा गुन्हा होता, एका धर्मसंस्थापकावरची टीका त्यात बसत नव्हती. लोकांत संताप उसळला आणि त्याच वर्षी २९५-अ हे कलम आलं. एखाद्या वर्गाच्या धर्मभावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हा गुन्हा. कायदा झाला तरी राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झाला. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ क्रमांकाने आहे. त्यातले ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट’ हे दोन शब्द संरक्षक भिंतीसारखे आहेत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं ते याच आधारावर. अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही. शिवाय न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते.

ती भिंत किती कामाची आहे ते शेजारी पाहिलं की कळतं. पाकिस्तानात तीच संहिता, तोच २९५ क्रमांक. तिथे १९८६ मध्ये २९५-क आलं. प्रेषितांच्या अवमानाला मृत्युदंड, आणि हेतूचा शब्द त्यात नाही. शेतात फळं वेचताना पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या भांडणातून आसिया बीबी या ख्रिस्ती स्त्रीवर खटला झाला. २०१० मध्ये फाशी सुनावली गेली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यातल्या विसंगतींमुळे त्यांना निर्दोष सोडलं. भांडणाचं मूळ एकाच भांड्याने पाणी पिण्यात होतं. पंचहौदातल्या पेल्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कायद्याचा मजकूर अवमानाचा, वादाचा विषय मात्र कुणी कुणाचं भांडं बाटवलं हा.

यात जमातींचंही एक म्हणणं आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं. आमच्यात कोण आहे हे आम्ही नाही ठरवायचं तर कुणी? जी संस्था कुणालाच बाहेर काढू शकत नाही तिला स्वतःचं रूप राखता येईल का? १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्कृत करण्यावर बंदी घातली तेव्हा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द झाला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा धर्मसंप्रदायाच्या आपल्या व्यवहारांचा भाग आहे, असं बहुमताने म्हटलं. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं मत वेगळं होतं. बहिष्कारामुळे माणसाचे नागरी हक्क जातात, मशीद आणि दफनभूमीही नाकारली जाते, तेव्हा हा प्रश्न निव्वळ धर्माचा नाही, असं त्यांनी मांडलं.

मला सिन्हांच्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, पण बहुमताची अडचणही खोटी नव्हती. सरकारने पंथाला ‘याला आत ठेवाच’ असं सांगणं हीदेखील पंथाची व्याख्या करण्याचाच प्रकार आहे.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याने निवड केली ती नेमकी. कोण पाखंडी, कोण पतित हे तो ठरवत नाही. तो पाहतो की कुणाला पाणवठ्यावर, लग्नात, दुकानात, स्मशानात अडवलं का. जातपंचायतींच्या प्रकरणांत पोलिसांना इथेच अडचण येते. बहिष्काराचा ठराव क्वचितच लेखी असतो. फिर्यादीला सांगता येतं ते एवढंच, की त्या तारखेपासून नमस्काराला कुणी मान हलवली नाही आणि घरात मृत्यू झाला तेव्हा खांदा द्यायला कुणी आलं नाही.

१९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये अर्ज झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. त्या अर्जाच्या तळाशी जो प्रश्न आहे तो साधा आहे. मरण पावलेल्या बहिष्कृताला त्याच्या आईवडिलांशेजारची जागा नाकारता येते का?